शेकडा पंधराची दिडकी

*दहा टक्के मी लगेच काढते, शेवटचं शून्य उडवलं की झालं. पण रकमेला शून्यच नसलं की माझं घोडं अडतं. पाच आणि पंधरा टक्क्यांना तर कागदच लागतो. परवा 1,374 चे पंधरा टक्के तोंडी काढायला गेले आणि 20.61 असं ठणकावून सांगून मोकळी झाले. सगळे हसले. शिवाय मुलगा म्हणतो, आधी दहा टक्के वजा कर, मग उरलेल्याचे पाच टक्के वजा कर, मिळून पंधराच होतात. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही. कॅल्क्युलेटर न घेता पटकन जमेल अशी काही रीत आहे का?*

*– कागदाला कंटाळलेली*

मुलाचं शेवटी बघू. आधी त्या शून्याचा निकाल लावते, कारण पाच आणि पंधरा दोन्ही दहावरच उभे आहेत आणि तुमचं घोडं खरं तर तिथेच अडतंय.

शून्य उडवायची रीत खोटी नाही, अर्धवट आहे. जुनी माणसं टक्क्याऐवजी ‘शेकडा’ म्हणत, त्यात अर्थ सरळ दिसतो. शेकडा दहा म्हणजे शंभरात दहा, म्हणजेच दहात एक. थोडक्यात, दहा टक्के म्हणजे रकमेचा दहावा भाग. आणि दहावा भाग घेताना काहीही उडत नाही, प्रत्येक आकडा एक घर खाली उतरतो. हजाराच्या घरातला शतकात येतो, शतकातला दशकात, दशकातला एककात, आणि एककातला आकडा दशांशचिन्हाच्या पलीकडे जातो. 1,370 मधलं शेवटचं शून्यसुद्धा असंच चिन्हापलीकडे जातं. 137.0 मधलं ते शून्य आपण लिहीत नाही, म्हणून उडाल्यासारखं वाटतं. 1,374 मधला 4 तसाच पलीकडे जातो, पण तो शून्य नसल्यामुळे दिसत राहतो. उत्तर 137.4. दोन्हीकडे क्रिया एकच आहे.

‘उडवा’ हा शब्द डोक्यात पक्का बसला की तो भलत्या ठिकाणीही उडवायला लावतो. 24.50 चे दहा टक्के मी स्वतः एकदा चारचौघांत 24.5 असे सांगितले आहेत. शून्य उडवलं आणि रक्कम होती तेवढीच राहिली. दशांशचिन्हानंतर शेवटी असलेलं शून्य काढलं तर संख्येला काही होतच नाही. आकडे एक घर उतरवले असते तर 2.45 आलं असतं. 3,060 मध्ये उलटी गंमत होते. घाईत मधलंही शून्य उडतं आणि माणूस 36 सांगून बसतो. मधलं शून्य म्हणजे शतकाचं रिकामं घर आहे. तेही बाकीच्यांसोबत एक घर उतरतं, नाहीसं होत नाही. उत्तर 306.

तोंडी करताना मी आकडे डोळ्यांसमोर आणतच नाही, रकमेचं नाव उतरवते. लाखाचे दहा हजार, हजाराचे शंभर, शंभराचे दहा, दहाचा एक. एक लाख चोवीस हजार म्हटलं की लाखाचे दहा हजार आणि चोवीस हजाराचे चोवीसशे, मिळून बारा हजार चारशे. लिहिताना 1,24,000 चे 12,400 होताना स्वल्पविरामांच्या जागा बदलतात, आणि नजर नेमकी तिथे फसते. नाव उतरवलं की स्वल्पविरामाचा प्रश्नच येत नाही.

आता तुमचं 20.61. त्यातला एकही आकडा चुकलेला नाही! खरं उत्तर 206.1 आहे. म्हणजे गुणाकार, बेरीज वगैरे तुम्हाला नीट येतं. बहुधा दशांशचिन्ह दोनदा सरकलं, एकदा दहावा भाग घेताना आणि एकदा शेवटी ‘अरे, टक्के आहेत ना’ असं वाटून. ही चूक पकडायला बेरीज पुन्हा तपासून उपयोग नाही, कारण बेरीज बरोबरच निघणार. तिला उत्तराच्या आकारावरून धरायचं असतं. शंभराचे पंधरा, हजाराचे दीडशे, लाखाचे पंधरा हजार, एवढं लक्षात ठेवा. रक्कम हजाराच्या वर असेल तर तिचे पंधरा टक्के दीडशेच्या खाली येऊच शकत नाहीत. वीस म्हणायला तोंड उघडण्याआधीच हा दीडशे आडवा यायला हवा. मी तर हिशेब सुरू करण्याआधीच स्वतःशी म्हणून ठेवते, ‘दीडशेच्या वर, तीनशेच्या खाली’ (दोन हजाराचे तीनशे), आणि मगच पुढे जाते.

पाच टक्के म्हणजे दहा टक्क्यांचे निम्मे, हे तुम्हाला ठाऊक असणारच. अडतं ते निम्मं करताना. 84 चे 42 कोणीही सांगेल, कारण 8 आणि 4 दोन्ही सम आहेत. 137.4 समोर आलं की मात्र विषम आकड्यांपाशी गाडी थांबते, एकाचे निम्मे अर्धा, तो पुढच्या आकड्यात कसा मिसळायचा, आणि तेवढ्यात मूळ संख्या डोक्यातून निसटते.

त्यावर उपाय म्हणजे संख्येची सोयीची फोड करायची. 137.4 म्हणजे 130 आणि 7.4. एकशे तीसचे पासष्ट, साताचे साडेतीन, पॉइंट चारचे पॉइंट दोन. पासष्ट आणि साडेतीन साडेअडुसष्ट, वर पॉइंट दोन, म्हणजे 68.7. किंवा जवळची सम संख्या धरा. 138 चे निम्मे 69, आणि आपण 0.6 जास्त घेतले होते, त्याचे निम्मे 0.3 वजा, पुन्हा 68.7. मला दुसरी वाट आवडते, पण हा सवयीचा भाग आहे.

कधी रक्कमच आधी निम्मी करून मग दहावा भाग घेणं सोपं जातं. 860 चे निम्मे 430, त्याचा दहावा भाग 43. आधी दहावा घेतलात तर 86 आणि त्याचे निम्मे, तेही 43. क्रम कुठलाही चालतो. रकमेचा दहावा भाग पूर्णांकात येत नसेल, पण रक्कम सम असेल, तर निम्मं आधी करा, म्हणजे दशांशचिन्ह अगदी शेवटी एकदाच लागतं. 468 चे निम्मे 234, दहावा भाग 23.4. इथे आधी 46.8 करून मग त्याचे निम्मे करत बसायचं कशाला?

आता पंधरा. यासाठी जवळपास सगळेच एक रीत सांगतात. दहा टक्के काढा, त्याचे निम्मे करा, दोन्हींची बेरीज करा. बरोबर आहे, आणि 1,380 सारख्या रकमेला तिच्यासारखी रीत नाही. दहावा भाग 138, निम्मे 69, बेरीज 207. आपली भाषा इथे फुकट मदत करते. 69 ला आपण एकोणसत्तर म्हणतो, म्हणजे सत्तरला एक उणा. मग 138 मध्ये 69 कशाला मिळवायचे? 70 मिळवा, 208 झाले, एक काढून घ्या. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणनव्वद, या सगळ्या नावांमध्ये बेरजेची सोय आधीच करून ठेवलेली आहे, आपण ती ऐकत नाही इतकंच. (आपली भाषा एका ठिकाणी फसवतेही. अडतीस म्हणताना आठ आधी कानावर येतो आणि तीस नंतर. घाईत ऐकून लिहिताना 38 चे 83 होतात. रक्कम कोणी तोंडी सांगितली तर एकदा तरी ‘तीन, आठ’ असे आकडे विचारून घ्या.)

या रीतीत एक अवघड जागा आहे, आणि माझ्या मते कागद तुम्हाला तिच्यामुळेच लागतो. दहावा भाग काढला, आता तो जपून ठेवायचा आणि त्याच वेळी त्याचे निम्मेही करायचे. 137.4 ओठांवर घोळवत ठेवत 68.7 तयार करायचे आणि मग दोन्ही शेजारी आणून मिळवायचे. 68.7 तयार होईपर्यंत 137.4 चे 134.7 झालेले असतात. लक्षात न ठेवता येणं ही काही तुमची एकटीची उणीव नव्हे. दोन वेडेवाकडे आकडे एकाच वेळी धरून ठेवणं कोणालाही जड जातं.

म्हणून मी दिडकी वापरते. दहा टक्के आणि त्याचे निम्मे म्हणजे दहा टक्क्यांची दीडपट, आणि दीडपटीचा वेगळा पाढा आपल्याकडे होताच. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी अशी ती सगळी भावंडं. एकाची दिडकी दीड, दोनाची तीन, तिनाची साडेचार, चाराची सहा, पाचाची साडेसात, सहाची नऊ, साताची साडेदहा, आठाची बारा, नवाची साडेतेरा. एवढाच पाढा पुरे. सम आकड्यांना पूर्णांक येतो, विषमांना साडे लागतो, फक्त एकाला दीड. दोन दिवस येता-जाता म्हटला की बसतो.

आता गंमत बघा. दिडकी आली की दहावा भाग आधी काढून जपून ठेवायची गरजच उरत नाही. रक्कम डावीकडून वाचत जायची आणि प्रत्येक आकडा आला की त्याची दिडकी एक घर उतरवून चालू बेरजेत टाकायची. हातात कायम एकच आकडा.

तुमचीच रक्कम घेऊ. 1,374. पहिला एक हजार, त्याचा दहावा भाग शंभर, एकाची दिडकी दीड, म्हणून दीडशे. मग तीनशे, त्याचे तीस, तिनाची साडेचार, म्हणून पंचेचाळीस. दीडशे आणि पंचेचाळीस, एकशे पंच्याण्णव. मग सत्तर, त्याचे सात, साताची साडेदहा. दोनशे साडेपाच. शेवटी चार, त्याचे पॉइंट चार, चाराची सहा, म्हणून पॉइंट सहा. साडेपाच म्हणजे 5.5, त्यात 0.6, म्हणजे 6.1. उत्तर 206.1.

तोंडाने एवढंच म्हणायचं, ‘दीडशे, एकशे पंच्याण्णव, दोनशे साडेपाच, दोनशे सहा पॉइंट एक.’ मागे वळून बघायचं काहीच नाही. आणि बेरीज डावीकडून सुरू झाल्यामुळे दुसरा फायदा असा की अर्ध्यावर कोणी टोकलं तरी उत्तराचा मोठा भाग तोंडात आलेला असतो. कागदावर आपण उजवीकडून बेरीज करतो, एककाचा हातचा दशकात नेतो. तोंडी हिशेबात तीच सवय नडते, कारण सर्वात कमी महत्त्वाचा आकडा सर्वात आधी मिळतो आणि शतक येईपर्यंत तो विसरायला होतो.

सराव म्हणून 846 घ्या. आठशेचे एकशे वीस, चाळीसचे सहा, सहाचे पॉइंट नऊ. 126.9. 5,290 घ्या. पाच हजाराचे साडेसातशे, दोनशेचे तीस, नव्वदचे साडेतेरा. सातशे ऐंशी आणि साडेतेरा, 793.5. या दुसऱ्या उदाहरणात एक खाच आहे. साडेतेराच्या जागी 135 म्हणायचा मोह होतो, कारण नऊशेची दिडकी तशीच ऐकू येते. नव्वद हे दशकात आहेत, त्याचे नऊ होतात आणि नवाची साडेतेरा. घर चुकलं की बेरीज एकदम फुगते, आणि मघाचा दीडशेचा निकष ते लगेच दाखवतो. पाच हजाराचे साडेसातशे आणि सहा हजाराचे नऊशे. उत्तर या दोनांच्या मधे हवं. 780 मध्ये 135 मिळवले तर 915 येतात, म्हणजे सहा हजाराच्याही वर गेलो.

पुष्कळ वेळा पॉइंट एकपर्यंत उत्तर कोणालाच नको असतं, अंदाज पुरतो. तेव्हा रक्कम शेजारच्या विसाच्या पटीवर न्या. पाच टक्के म्हणजे विसात एक, म्हणून विसाच्या पटीतल्या रकमेचे पाच टक्के नेहमी पूर्णांक येतात, आणि दहा अन् पंधरा टक्केही मग आपोआप पूर्णांकात येतात. ओळखायला सोपं आहे, शेवटी शून्य आणि त्याआधीचा आकडा सम. 1,374 ला जवळचे 1,380. उत्तर 207. इथे किती चुकलो तेही दिडकीच सांगते. रक्कम सहाने वाढवली, सहाची दिडकी नऊ, दोन घरं नव्हे तर एकच घर उतरवायचं, म्हणून 0.9. म्हणजे 207 मधून 0.9 काढले की पुन्हा 206.1. अंदाज हवा असेल तर 207 वर थांबा, नेमकं हवं असेल तर एवढी वजाबाकी करा.

पण अंदाज रकमेतच करा, मधल्या टप्प्यावर नको. रकमेत सहाचा फरक केला तर पंधरा टक्क्यांत एकापेक्षाही कमी फरक पडतो. तोच सहाचा फरक दहावा भाग काढून झाल्यावर केलात, तर तो दीडपट होऊन उत्तर नऊने बिघडतं. ‘137.4 म्हणजे 140 धरू’ हे दिसायला निरुपद्रवी आहे, पण उत्तर 210 येतं, जवळजवळ चारने जास्त.

पंचवीस टक्के काढून त्यातून दहा वजा करायची रीतही कोणी सुचवेल. 480 चे पाव भाग 120, दहावा 48, वजाबाकी 72. येतं बरोबर, पण पाव करायचं, दहावा करायचा आणि वर वजाबाकी, असे तीन टप्पे झाले. 48 ची दिडकी सरळ 72 आहे. पाव भाग अगदी डोळ्यांत भरत असेल तेवढ्यापुरती ठीक.

आता चिरंजीव.

त्यांचं म्हणणं चूक आहे, आणि तुमचं न पटणं बरोबर आहे. हजार घ्या. दहा टक्के वजा केले, शंभर गेले, नऊशे उरले. आता पाच टक्के या नऊशेचे काढले तर पंचेचाळीस येतात. एकूण गेले 145. पंधरा टक्के असते तर 150 जायला हवे होते. पाच कुठे राहिले? पहिल्यांदा जे शंभर बाजूला काढले, त्यांचे पाच टक्के. दुसऱ्या वेळी टक्के लावताना ते शंभर समोर नव्हतेच. टक्क्याला स्वतःचं वजन नसतं, तो कशाचा आहे त्यावर त्याचं वजन ठरतं. दहा आणि पाच यांची बेरीज पंधरा तेव्हाच होते, जेव्हा दोन्ही एकाच रकमेचे असतात. आपण वर दहावा भाग आणि त्याचा निम्मा भाग मिळवला तो मूळ रकमेचाच होता, म्हणून ते चाललं.

तुमच्या रकमेवरच दाखवा त्याला. 1,374 मधून 137.4 गेले, 1,236.6 उरले. त्यांचे पाच टक्के 61.83. एकूण 199.23. खरे पंधरा टक्के 206.1. फरक 6.87, आणि हे 6.87 म्हणजे बरोबर 137.4 चे पाच टक्के आहेत. तो म्हणेल, मग आधी पाच आणि नंतर दहा करू. करू दे. हजाराचे पन्नास गेले, साडेनऊशे उरले, त्यांचे पंच्याण्णव. पुन्हा 145. क्रम बदलून काही फरक पडत नाही.

वजा करण्याऐवजी वाढवत गेलं तर चूक दुसऱ्या बाजूला होते. हजारात दहा टक्के वाढले, अकराशे झाले. अकराशेचे पाच टक्के पंचावन्न. एकूण वाढ 155, पंधरा टक्क्यांपेक्षा पाच जास्त, कारण यावेळी दुसरे टक्के वाढलेल्या शंभरावरही बसले. हजार, लाख, काहीही घ्या, असं पाठोपाठ केलं की वजाबाकीत साडेचौदा टक्के जातात आणि वाढीत साडेपंधरा टक्के येतात.

याच जातीची एक अडचण तुम्हाला कधीतरी येईल, ती इथेच सांगून ठेवते, कारण तिथे वरची एकही युक्ती सरळ चालत नाही. एखाद्या रकमेत पंधरा टक्के मिळवून 690 झाले. मूळ रक्कम किती? माणूस सहज 690 चे पंधरा टक्के काढतो, 69 ची दिडकी 103.5, वजा करतो आणि 586.5 सांगतो. चूक. ते पंधरा टक्के 690 चे नव्हतेच, जी रक्कम शोधायची आहे तिचे होते. इथे पाच टक्क्यांचा एक वाटा धरा. मूळ रक्कम म्हणजे असे वीस वाटे, पंधरा टक्के म्हणजे तीन वाटे, मिळून तेवीस. 690 भागिले 23, एक वाटा 30. वीस वाट्यांचे 600. ताळा करून बघा, 600 चा दहावा भाग 60, दिडकी 90, बेरीज 690.

मुलाला याचं उलटं घाला. पंधरा टक्के वजा होऊन 510 उरले, मूळ किती? तो 51 ची दिडकी 76.5 काढेल, 510 मध्ये मिळवेल आणि तोही 586.5 म्हणेल. उरलेले वाटे सतरा आहेत हे त्याला सांगू नका, 510 ला सतराने भागायचं त्याचं त्यालाच सुचू द्या.